तोंडओळखीच्या नातेवाइकांना स्वागताच्या रांगेत काय म्हणावं?

वाटसरू: दादाचं रिसेप्शन जवळ आलंय. स्टेजवर खुर्च्या न मांडता घरच्यांनी दाराशी रांगेत उभं राहून येणाऱ्यांना भेटायचं, असं ठरलंय. आधी बाबा, मग आई, मग मी आणि माझ्यानंतर वहिनीची बहीण. येणाऱ्यांपैकी बहुतेकांशी माझी नुसती तोंडओळख आहे, काहींशी तीही नाही. माझा प्रश्न शब्दांपुरता आहे. सगळ्यांना सरसकट 'काका', 'काकू' म्हटलं तर चालेल का? आणि कुणी 'ओळखलंस का मला?' असं विचारलं, तर समोरच्याला न दुखावता 'नाही' कसं म्हणायचं?

चाफेकळी: सोपं आहे. सगळ्यांना 'आपण' म्हणा. 'आपण आलात, आनंद झाला.' आदरही राहतो आणि नात्यात चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही.

आर्जव: दारावरच्या फलकासाठी हवं असेल, तर 'सुस्वागतम्' आणि खाली घरच्यांची नावं, एवढं पुरे. 'आपले स्वागतोत्सुक' पत्रिकेत ठीक वाटतं, फलकावर नको.

वाटसरू: फलक नाही हो, तोंडानं काय बोलायचं ते विचारतोय.

गणगोत: चाफेकळी यांचं म्हणणं निम्मं पटतं. नातं माहीत नसेल तर नात्याचा शब्द टाळावा, हे खरं. पण 'आपण' घरच्या माणसाला परकं करतो. पत्रात, भाषणात, अनोळखी पाहुण्याशी तो शोभतो. आईच्या बहिणीला 'आपण कशा आहात?' विचारलं, तर ती चमकेल. शिवाय 'आपण मागे भेटलो होतो' म्हटलं की तोच शब्द 'तुम्ही आणि मी' असा होतो.

त्याची गरजही नाही, कारण मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'या, या. आलात, फार बरं वाटलं.' यात काका नाही, मामा नाही, नाव नाही, तरी 'या' आणि 'आलात' यांनी मान दिला आहे. वयानं मोठ्या कुणालाही हे चालतं. बरोबरीच्या माणसाला आधी 'तुम्ही'च म्हणावं. त्यानं आपणहून 'अरे-तुरे' सुरू केलं, तर मग 'आलास, मस्त वाटलं'.

निरंजना: सरसकट 'काकू' नकोच. मी अशा रांगेतून पुढे जात असताना माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान असलेल्या मुलानं मला 'या काकू' म्हटलं. तो मनापासून बोलत होता, तरी मला लागलं. 'ताई' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? 'मावशी'चंही तसंच. सख्ख्या मावशीला तो किती गोड शब्द आहे, पण दवाखान्यात आणि घरकामात तो इतका वापरला जातो, की अनोळखी बाईला तोंडावर म्हणताना मी दहादा विचार करते.

गणगोत: निरंजनाताई, हे महत्त्वाचं आहे. शंका असेल तिथे लहान पायरीचा शब्द घ्यावा. 'ताई' म्हटलेली काकू सहसा रागावत नाही, 'काकू' म्हटलेली ताई रागावते. पुरुषांचं तेवढं अवघड नसतं, पण 'काका' आणि 'दादा' यांत तोच न्याय.

वाटसरू: आणि ज्यांचं नातं कळलं, त्यांना काय म्हणायचं? रांगेत कुणी म्हणालं, 'मी तुझ्या बाबांच्या मावशीचा मुलगा', तर मी त्यांना मावसा म्हणू की काय?

गणगोत: इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. ऐकताना 'मावशी' हा शब्द कानात राहतो आणि जीभ तिकडे वळते. मधले शब्द सोडून द्या. शेवटी तो माणूस तुमच्या बाबांचा कोण? मावसभाऊ, म्हणजे भाऊच. बाबांचा भाऊ तो तुमचा काका. भाऊ सख्खा की चुलत, आते, मामे, मावस, यानं हाकेत फरक पडत नाही.

आता हेच आईच्या बाजूनं बघा. 'मी तुझ्या आईच्या आत्याची मुलगी.' आईची आतेबहीण, म्हणून तुमची मावशी, कानावर 'आत्या' पडलेलं असलं तरी. बाबांची मामेबहीण आत्या, आईचा चुलतभाऊ मामा. आणि कुणी 'मी तुझ्या बाबांचा मामा' म्हणालं, तर ती पिढीच वरची, तिथे 'आजोबा' म्हणायचं. म्हणजे दोनच गोष्टी धरायच्या: आईकडचा की बाबांकडचा, आणि त्यांच्या पिढीचा की वरच्या.

चाफेकळी: पण वहिनीकडचे? ती माणसं आमच्या कुठल्याच गणितात बसत नाहीत.

गणगोत: त्यांना वहिनी ज्या नावानं हाक मारते, त्याच नावानं हाक मारायची. ओळख करून देतानाचे शब्द वेगळे आणि हाकेचे वेगळे. दादानं कुणाशी ओळख करून देताना 'हे माझे मामेसासरे' म्हणावं, हाक मारताना मात्र 'मामा'. 'अहो मामेसासरे, या' असं कुणी म्हणत नाही. 'चुलतसासरे' हाकेत 'काका' होतात, 'आतेसासूबाई' 'आत्या' होतात. वाटसरूंनीही तेच करावं. आई-बाबांना मात्र तिच्या आई-वडिलांसाठी स्वतंत्र शब्द आहेत, व्याही आणि विहीण, आणि 'विहीणबाई' हाकेतही चालतो.

पैलतीर: ती 'ओळखलंस का'ची अडचण राहिलीच. नवी सून म्हणून मी अशा रांगेत उभी राहिले आहे. पहिल्या अर्ध्या तासात हाच प्रश्न सगळ्यात जास्त ऐकला. 'नाही ओळखलं' म्हटलं की समोरचा चेहरा पडतो, कारण त्यात नकार आधी येतो. 'ओळख पटली नाही' तर कागदपत्रं तपासल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, 'चेहरा लक्षात आहे, नातं तेवढं सांगा.'

निरंजना: पण चेहराही लक्षात नसेल तर ते खोटं झालं. त्यांनी पुढे 'सांग बरं कुठे भेटलो होतो?' विचारलं की अडकलात.

पैलतीर: खरंय. चेहराही नवा असेल तर 'लहानपणी भेटलो असू, आता तुम्हीच सांगा' म्हणायचं. यात खोटं काही नाही. आणि वाटसरूंसाठी एक गोष्ट. तुमच्या आधी आई उभी आहे, हे फार सोयीचं आहे. तिला आधीच सांगून ठेवा, की पाहुणे तुझ्याकडून माझ्याकडे येताना नातं मोठ्यानं बोल. 'हा आमचा धाकटा, आणि ही माझी मामेबहीण.' एवढं कानावर पडलं की तुम्ही लगेच 'या मावशी'. मग तो प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. तुमच्या पुढे वहिनीची बहीण आहे, तिच्यासाठी तुम्हीही तेच करा: 'ही आमची मावशी, आणि ही वहिनीची बहीण.'

वाटसरू: हे आवडलं. पण आई बोलण्यात रंगली आणि माणूस तसाच माझ्यापर्यंत आला तर?

गणगोत: तर आपलं नातं आधी सांगावं. 'मी नवऱ्याचा धाकटा भाऊ.' इतकं सांगितलं की समोरचा सहसा त्याच साच्यात उत्तर देतो, 'अच्छा, मी तुझ्या बाबांचा आतेभाऊ.' 'तुम्ही कोण?' असं नुसतं विचारू नये, ते उद्धट लागतं. 'तुम्ही कुणाकडचे?' सौम्य आहे, पण माणूस जवळचा निघाला तर तेही बोचतं.

चाफेकळी: एक राहिलं. आत्याच्या नवऱ्याला काय म्हणायचं? आमच्याकडे 'आतोबा'.

निरंजना: आमच्याकडे 'मामा'. सख्ख्या आत्याच्या यजमानांनाही.

गणगोत: दोन्ही ऐकलंय, आणि 'काका' म्हणणारी घरंही आहेत. आते-मामे भावंडांत लग्नं होत, त्यामुळे आत्याचा नवरा 'मामा' झाला असं सांगतात. पण तशी लग्नं न होणाऱ्या घरांतही 'मामा' चालतो, म्हणून तेवढं एक कारण मला पुरेसं वाटत नाही. वाटसरू, हे आईलाच विचारा, आणि रांग लागण्याआधी.

वाटसरू: विचारलं. आई 'आतोबा' म्हणते, बाबा 'काका'.