‘वाईटात वाईट स्थितीत किमान’ हा शब्दप्रयोग चूक आहे का?

अनुवादिका

तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी अल्गोरिदमवरील एका पाठाचा मराठी अनुवाद करीत आहे. त्यातील एक वाक्य मी असे लिहिले होते: ‘केवळ दोन-दोन घटकांची तुलना करून क्रम लावणाऱ्या कोणत्याही पद्धतीला वाईटात वाईट स्थितीत किमान log₂(n!) तुलना कराव्या लागतात.’ संपादकांनी ‘किमान’ खोडून तेथे ‘कमाल’ लिहिले. वाईटात वाईट म्हणजेच जास्तीत जास्त, मग त्याच वाक्यात ‘किमान’ कसा येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मला माझा शब्द बरोबर वाटतो, परंतु त्यामागचे कारण त्यांना पटेल अशा रीतीने मांडता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शब्दसाधक

माझ्या मते ‘किमान’ आणि ‘कमाल’ हे दोन्ही शब्द शास्त्रीय लेखनातून काढून टाकावेत. लसावि आणि मसावि शिकताना ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ हे शब्द प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून गेलेले असतात. तेच येथे वापरले तर अर्थ आपोआप स्पष्ट होईल.

विदागार

शब्द बदलल्याने संपादकांची शंका मिटणार नाही, कारण ‘वाईटात वाईट स्थितीत लघुतम’ हेही त्यांना तितकेच खटकेल. या वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत. आधी एखादी पद्धत निवडावी आणि तिला सर्वांत जास्त दमवणारी यादी शोधावी. त्या यादीवर तिला जितक्या तुलना लागतात तो त्या पद्धतीचा कमाल आकडा. असा एकेक कमाल आकडा प्रत्येक पद्धतीला असतो, आजवर कोणालाही न सुचलेल्या पद्धतींनाही असतो. या सगळ्या कमाल आकड्यांमध्ये log₂(n!) च्या खाली एकही सापडणार नाही, एवढेच ते वाक्य सांगते. याद्यांवर कमाल आणि पद्धतींवर किमान असा हा प्रकार असल्यामुळे ‘किमान’ योग्य आहे. ‘कमाल’ लिहिले तर उलटा अर्थ होईल, की कितीही ढिसाळ पद्धत घेतली तरी तिला त्याहून जास्त तुलना लागणार नाहीत, आणि ते तर उघडच खोटे आहे.

निवृत्त शिक्षक

हा विषय मी वेगळ्या वाटेने समजून घेतला आहे. उत्तरपत्रिका आसनक्रमांकाप्रमाणे लावताना मी नेहमी लावलेल्या गठ्ठ्याच्या मध्यावर नवी उत्तरपत्रिका धरून पाहत असे, मग योग्य त्या अर्ध्या भागाच्या मध्यावर, असे करीत तिची जागा शोधत असे. गठ्ठा दर वेळी निम्मा होतो, म्हणून एका उत्तरपत्रिकेला सुमारे log n तुलना आणि सगळ्यांना मिळून n log n. प्रत्येक घटकाची जागा अशीच शोधावी लागणार, तेव्हा याहून कमी काम होणे शक्य नाही. सिद्धता एवढ्यात संपते असे मला वाटते.

विदागार

गुरुजी, आपला हिशेब अचूक आहे, पण त्यातून ‘एवढ्यात काम होते’ हे सिद्ध होते. ‘याहून कमीत होत नाही’ हे सिद्ध होत नाही. पाच उत्तरपत्रिका घेऊन पाहू. आपल्या पद्धतीने दुसरीला 1, तिसरीला 2, चौथीला 2 आणि पाचवीला 3, अशा वाईटात वाईट स्थितीत 8 तुलना होतात. मात्र पाच घटक 7 तुलनांत लावता येतात.

प्रथम दोन जोड्या घेऊन प्रत्येकीची तुलना करावी, मग दोन्ही जोड्यांतील मोठ्या घटकांची एकमेकांशी तुलना करावी. तीन तुलनांनंतर a < b < d अशी साखळी हाती येते आणि चौथा घटक c हा d पेक्षा लहान आहे हेही कळलेले असते. आता पाचवा घटक e या साखळीत घालावा. आधी मधल्या b शी तुलना केली की दोन तुलनांत त्याची जागा मिळते. उरला c. तो d च्या खालीच असल्याने त्याला जास्तीत जास्त तीन घटकांमध्ये जागा शोधायची आहे, आणि तेही दोन तुलनांत होते. एकूण 3 + 2 + 2, म्हणजे 7. प्रत्येक घटकाची जागा स्वतंत्रपणे, संपूर्ण गठ्ठ्यात शोधली पाहिजे असे बंधन नाही. आधी मिळालेली माहिती राखून ठेवली तर एक तुलना वाचते. म्हणून ‘प्रत्येकाला log n लागतातच’ या पायावर सिद्धता उभी राहत नाही.

अनुवादिका

मग सातांऐवजी सहांत होणार नाही हे कशावरून? उद्या एखादी अधिक चतुर पद्धत निघाली तर?

विदागार

नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी कोणत्याही पद्धतीच्या पोटात शिरावे लागत नाही. अशी कल्पना करावी की यादी एका व्यक्तीजवळ झाकून ठेवलेली आहे आणि आपली पद्धत तिला केवळ ‘हा घटक त्या घटकापेक्षा लहान आहे का?’ एवढेच विचारू शकते. त्या व्यक्तीने यादी अजून मनाशी ठरवलेलीच नाही. तिच्याजवळ सर्व शक्य क्रमांची नोंद आहे, आणि प्रत्येक प्रश्नाला ती असे उत्तर देते की ज्यामुळे त्यांपैकी जास्तीत जास्त क्रम शिल्लक राहावेत. प्रश्न कोणताही असो, शिल्लक क्रमांचे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन वाटे पडतात आणि मोठा वाटा निम्म्याहून लहान असू शकत नाही. म्हणून एका प्रश्नाने शिल्लक क्रम फार तर निम्मे होतील, त्याहून कमी नाहीत.

चार घटकांचे 24 क्रम असतात. पहिल्या प्रश्नानंतर निदान 12 उरतात, दुसऱ्यानंतर 6, तिसऱ्यानंतर 3, चौथ्यानंतर 2 आणि पाचव्यानंतर 1. चार प्रश्नांवर थांबणाऱ्या पद्धतीपुढे निदान दोन क्रम शिल्लक असतात. तिने त्यांपैकी कोणताही एक सांगितला तरी ती व्यक्ती दुसरा क्रम दाखवून ‘माझी यादी ही होती’ असे म्हणू शकते, आणि आधीचे एकही उत्तर त्यामुळे खोटे ठरत नाही. पाच घटकांचे 120 क्रम असून ते 60, 30, 15, 8, 4, 2, 1 असे उतरतात. हे सात प्रश्न झाले, म्हणून सहांत काम होणे अशक्य.

n घटकांचे n! क्रम असतात आणि h प्रश्नांनी फार तर 2^h क्रम वेगवेगळे ओळखता येतात. तेव्हा 2^h हा n! पेक्षा कमी असून चालणार नाही. n! च्या गुणाकारातील वरचे निम्मे अवयव प्रत्येकी n/2 किंवा त्याहून मोठे असतात, म्हणून n! हा निदान (n/2)^(n/2) इतका असतो, आणि h निदान (n/2) log₂(n/2) इतका. लघुगणकासोबतचा n येतो तो येथून. स्थिरांक थोडा कमी पडतो, परंतु वाढीचा दर n log n हाच राहतो.

डाकसेवक

मला हे विधानच पटत नाही. पत्रांची वर्गवारी आम्ही वर्षानुवर्षे पिनकोडवरून करीत आलो आहोत. सहा अंकी पिनकोड असल्याने शेवटच्या अंकापासून सुरुवात करून, आधीचा क्रम न मोडता, दर फेरीत दहा कप्प्यांत पत्रे टाकली की सहा फेऱ्यांत सगळा ढीग लागतो. पत्रे दुप्पट झाली तर काम दुप्पटच होते, त्यात लघुगणक कोठेच येत नाही. म्हणजे मर्यादा मोडली.

विदागार

आपली पद्धत उत्तम आहे आणि आपला हिशेबही बरोबर आहे, पण ती मर्यादेच्या कक्षेत येत नाही. आपण एका पत्राची दुसऱ्या पत्राशी तुलना करीत नाही. पत्रावरील अंक वाचून थेट कप्पा निवडता. तेथे एका पाहण्यात दहा उत्तरे शक्य असतात, दोन नव्हेत. मूळ वाक्यातील ‘केवळ दोन-दोन घटकांची तुलना करून’ हे शब्द म्हणूनच गाळता येणार नाहीत. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: पिनकोड सहाच अंकी असल्यामुळे आपल्या फेऱ्या सहावर थांबतात. n पत्रांवर n वेगवेगळे क्रमांक असायचे असतील तर क्रमांकाला निदान log₁₀ n अंक लागतात, आणि फेऱ्याही तितक्याच होतात.

डाकसेवक

एकाच पिनकोडची शेकडो पत्रे असतात, हे मात्र आपण विचारात घेतलेले नाही. आमच्या कामात क्रमांक वेगवेगळे असण्याची अट कधीच नसते.

शब्दसाधक

मी पुन्हा शब्दाकडे येतो. ‘वर्गवारी’ म्हणजे गट पाडणे आणि ‘क्रमवारी’ म्हणजे पुढे-मागे लावणे. डाकसेवकांचे काम पहिल्या प्रकारचे आहे. हे दोन शब्द आपण काटेकोरपणे वेगळे ठेवले असते तर हा वाद उद्भवलाच नसता.

डाकसेवक

सहा फेऱ्यांनंतर ढीग पिनकोडच्या चढत्या क्रमाने लागलेला असतो. ती क्रमवारी नाही असे कसे म्हणता येईल?

तराजू

माझी शंका निराळी आहे. तुलनेला तीन उत्तरे असतात: लहान, समान, मोठा. मग 2^h ऐवजी 3^h का घेऊ नये?

विदागार

सर्व घटक भिन्न असलेल्या याद्याच विचारात घेतल्या तर ‘समान’ हे उत्तर कधी येतच नाही, आणि वाईटात वाईट स्थितीसाठी तेवढ्या याद्या पुरेशा आहेत. समान घटक गृहीत धरून तीन उत्तरे घेतली तरी लघुगणकाचा पाया 2 ऐवजी 3 होईल, म्हणजे आकडा एका ठराविक पटीनेच बदलेल.

निवृत्त शिक्षक

माझा मुद्दा अपुरा होता हे पाच घटकांच्या उदाहरणाने स्पष्ट झाले. आता मला असे विचारायचे आहे, की ही मर्यादा प्रत्येक n साठी तंतोतंत गाठता येते का? चारासाठी 5 आणि पाचासाठी 7 गाठता आले, म्हणून ते नेहमीच शक्य असावे असे वाटते.

विदागार

नाही, तसे होत नाही. 12 घटकांचे 47,90,01,600 क्रम असतात. 2^28 त्याहून कमी भरतो आणि 2^29 जास्त, म्हणून वरील युक्तिवादाने 29 ही मर्यादा मिळते. फोर्ड आणि जॉन्सन यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीला मात्र 30 तुलना लागतात. पाच घटकांसाठी वर जे केले ते याच पद्धतीचे लहान रूप होय. 29 तुलनांत 12 घटक लावणे अशक्य असल्याचे मार्क वेल्स यांनी 1965 मध्ये संगणकाकडून सर्व शक्यता तपासून दाखवले. शिल्लक क्रमांचे दर वेळी समान दोन वाटे पाडणारा प्रश्न उपलब्ध असेलच असे नाही, आणि ही तूट तेथून येते. मोजणीचा युक्तिवाद खालून बांध घालतो. त्या बांधापर्यंत पोहोचण्याची वाट आहे की नाही, हे तो सांगत नाही.

अनुवादिका

हे सर्व मी संपादकांपुढे ठेवले. पद्धतींवर किमान आणि याद्यांवर कमाल हे त्यांना मान्य झाले, पण विद्यार्थी वाक्य एकदाच वाचतो, असे म्हणून त्यांनी ‘किमान’ ऐवजी ‘निदान’ सुचवले आहे.

शब्दसाधक

वैद्यकात ‘निदान’ म्हणजे रोगाची ओळख. शास्त्रीय मजकुरात तो शब्द अजिबात नको.

विदागार

‘निदान’ मला चालेल. वर मी स्वतःच तो अनेकदा वापरला आहे. फक्त ‘कोणत्याही पद्धतीला’ हे शब्द वाक्याच्या आरंभी आणावेत आणि ‘वाईटात वाईट स्थितीत’ त्यानंतर यावे. हा क्रम उलटला तर एकच वाईट यादी सर्व पद्धतींना सारखीच जड जाते असा समज होईल. प्रत्यक्षात तसे नसते. आधीच चढत्या क्रमात असलेली यादी एका पद्धतीला सोपी जाते आणि दुसरीला सर्वांत जड, उदाहरणार्थ पहिल्या घटकाला आधार मानून भाग पाडणाऱ्या क्विकसॉर्टला.