विकायचं नाहीये, तपासायचंय: इंटर्नल ऑडिट की कंप्लायन्स?

निनाद_नाशिक
बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, एका खासगी बँकेत सेल्सला आहे. एफडी करायला आलेल्या आजीबाईंना विमा गळ्यात मारायचा हे मला जमत नाही आणि जमवायचंही नाहीये. आकडे ताडून बघत तासन् तास बसायला सांगा, आनंदाने बसेन. सीए नाही, होण्याची शक्यताही नाही. इंटर्नल ऑडिट, रिस्क, कंप्लायन्स यातल्या कशात गेलो तर हे विकणं सुटेल?

पुणेरी_तिखट
सुटणार नाही. विमा विकताना समोरचा नाही म्हणतो आणि फोन ठेवतो, विषय संपला. ऑडिटमध्ये तू समोरच्याची चूक त्यालाच विकायची, वर त्याच्याकडून लेखी उत्तर आणि तारीख घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी कँटीनमध्ये जेवायला बसायचं. मी केलंय हे काम, आता बजेटिंगला आहे आणि सुखात आहे. ज्याला माणसांशी हुज्जत नकोय त्याने ऑडिटच्या वाटेला जाऊच नये.

अंतिम_गट_बाकी
त्याआधी मुळात सीए नाही तर हे दार बंदच आहे भावा. कंपनी कायदा २०१३, कलम १३८ वाच. इंटर्नल ऑडिटर सीए नाहीतर कॉस्ट अकाउंटंटच लागतो.

खतावणी
@अंतिम_गट_बाकी कलम बरोबर सांगितलंस पण पुढचे शब्द खाल्लेस. 'किंवा बोर्ड ठरवेल असा इतर प्रोफेशनल' असंही त्यातच आहे. आणि ते कलम कंपनी ज्याची नेमणूक करते त्याच्यापुरतं आहे, त्याच्या हाताखाली व्हाउचर आणि डेटा तपासणाऱ्या टीमला लागू होत नाही. टीममध्ये साधे बी.कॉम. भरपूर असतात. पुढे प्रमुख व्हायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी सीए मागतात, ते मात्र खरंय.

आता निनाद, काम नक्की कसं असतं ते एका प्रकरणावरून सांगतो, मग तूच ठरव. चाकणकडची एक कारखानदार कंपनी, नाव नको. आम्ही व्हेंडर पेमेंट तपासत होतो. कंपनीचे हिशोब ज्यात असतात त्या सॅप सॉफ्टवेअरमधून वर्षभराची बिलं काढली. एकच बिल दोनदा गेलंय का हे बघायचं तर नुसता इनव्हॉइस नंबर जुळवून काही हाती लागत नाही, कारण नंबर जसाच्या तसा असता आणि व्हेंडर कोडही तोच असता तर सॅपनेच इशारा दिला असता. त्यामुळे आधी नंबर धुऊन घ्यायचे, म्हणजे अक्षरं, तिरक्या रेघा, आर्थिक वर्ष, सुरुवातीचे शून्य सगळं काढून टाकायचं आणि व्हेंडर कोडऐवजी त्याचा जीएसटी नोंदणी क्रमांक, म्हणजे जीएसटीआयएन, धरायचा. C मध्ये जीएसटीआयएन, F मध्ये धुतलेला नंबर, H मध्ये रक्कम असेल तर एवढंच:

```
=COUNTIFS(C:C,C2,F:F,F2,H:H,H2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की ती ओळ बाजूला. बाजूला पडलेल्यातल्या बहुतेक ओळी निघतात निरुपद्रवी, कुठे चुकीची एन्ट्री रिव्हर्स करून पुन्हा केलेली, कुठे गेल्या वर्षीचा आणि यंदाचा तोच नंबर. त्या एकेक उघडून बाद करायच्या, इथेच बसकण लागते आणि घाईवाला माणूस इथेच पळतो. आमच्याकडे शेवटी एक जोडी उरली. मशीन दुरुस्तीचं बिल, ४,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४,७२,०००. एकदा PT/0418/22-23 म्हणून कॉर्पोरेट ऑफिसने ईमेलवरच्या पीडीएफवरून टाकलेलं, दुसऱ्यांदा नुसतं 418 म्हणून प्लांटने हातात आलेल्या कागदावरून टाकलेलं. व्हेंडर एकच पण दोन्हीकडे वेगवेगळा कोड उघडलेला.

आता प्रश्न असा की पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट होत नाही असं सगळे छातीठोकपणे सांगत होते, मग हे गेलं कसं? तर दुरुस्तीच्या कामाला पीओच काढलेला नव्हता, दोन्ही बिलं सॅपमधल्या FB60 या पीओशिवाय बिल टाकायच्या स्क्रीनमधून थेट टाकलेली, तिथे जुळवायला समोर काहीच नसतं. आणि मजा म्हणजे याचा पुरावा जीएसटी बघणाऱ्या पोराच्या फाइलमध्ये महिनोन् महिने पडून होता. व्हेंडरांनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या GSTR-2B मध्ये ते बिल एकदाच दिसत होतं, पुस्तकात दोनदा. त्याने दुसरं 'व्हेंडरने रिटर्न भरलं नाही' या यादीत ढकलून ठेवलेलं. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा, त्या यादीत खरंच तसेच व्हेंडर जास्त असतात.

सोसायटीवाले_काका
निनादराव, तुम्ही उगाच कंपन्यांच्या मागे लागता आहात. मी सुद्धा बी.कॉम.च. जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दिली, सहकार खात्याची असते, आणि आज हाउसिंग सोसायट्या आणि दोन पतसंस्थांचं ऑडिट करतो. पॅनेलवर नाव लागायला अनुभव दाखवावा लागतो, तोवर कुणा जुन्या ऑडिटरच्या हाताखाली काढायचे दिवस. साहेब नाही, टार्गेट नाही. फक्त एजीएममध्ये सिंकिंग फंडावरून भांडणं होतात त्यात पडायचं नाही.

खतावणी
काका, मार्ग चांगलाय पण तुम्ही सांगताय ते वैधानिक ऑडिट, आणि मुलगा विचारतोय नोकरीतल्या इंटर्नल ऑडिटबद्दल. शिवाय नवीन सोसायट्या मिळवायला चार अध्यक्षांना भेटावं लागतं की नाही? मग विकणं आलंच की.

सोसायटीवाले_काका
तोंडी ओळखीने येतात हो. पण बरं, मान्य.

स्वप्ना_खराडी
कंप्लायन्सबद्दल मी सांगते कारण ऑडिटवाले त्याला वरचा मजला समजतात. मी एका परदेशी बँकेच्या पुण्यातल्या सेंटरला एएमएल अलर्ट बघते, म्हणजे काळ्याचा पांढरा होतोय असा संशय असलेले व्यवहार. जाहिरातीत लिहिलेलं असतं 'ॲनालिस्ट', प्रत्यक्षात सिस्टीम अलर्ट फेकते आणि तुम्ही ते बंद करत सुटता, दिवसाचा आकडा ठरलेला, क्वालिटीचे मार्क वेगळे. विकायचं नाहीये हे खरं. पण टार्गेट सुटेल असं वाटत असेल तर ते नाही सुटत.

तरी विचार करायला जागा आहे का, तर आहे. माझी मैत्रीण इथल्याच बँकेत तेच काम करते, तिच्याकडे एकदा निफाडच्या शेतकऱ्याचं खातं आलेलं. वर्षभर सुनसान आणि मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम, सिस्टीमला ते संशयास्पद. द्राक्षाचा हंगाम ज्याला माहीत आहे तो पैसे कुणाकडून आले ते बघेल, निर्यातदार दिसला, आधीच्या दोन मार्चमध्येही तसंच दिसलं तर कारण लिहून बंद करेल. पण तसलंच दुसरं खातं, त्यात पैसे आले आणि त्याच दिवशी सहा अनोळखी खात्यांत पांगून गेले, शिल्लक पुन्हा शून्य, तिथे हंगामाची गोष्ट चालत नाही, ते वर पाठवायचं. वर म्हणजे प्रिन्सिपल ऑफिसरकडे, सरकारच्या एफआययूला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, म्हणजे एसटीआर, जाणार की नाही ते तो ठरवतो. तुझं काम कारण लिहिण्याचं. 'ग्राहकाचा व्यवहार समाधानकारक' असली वाक्यं पुढे कुणी उघडून वाचली की अंगाशी येतात, आणि ती लिहिणारेच जास्त.

पुणेरी_तिखट
@खतावणी गोष्ट रंगवून सांगितलीत पण मधेच सोडलीत. बिल सापडलं इथपर्यंत मजाच असते. पुढे फायनान्स हेडच्या केबिनमध्ये काय झालं ते सांगा ना.

खतावणी
सांगतो की. टीममधल्या पोराने पहिल्या मसुद्यात 'अकाउंट्स विभागाच्या निष्काळजीपणामुळे दुबार पेमेंट' असं लिहिलेलं. फायनान्स हेडने ते वाचलं आणि रकमेवर एक शब्द न बोलता अर्धा तास निष्काळजीपणा या शब्दावर घेतला. तो शब्द काढला. मग राहिलं काय, तर एका जीएसटीआयएनचे दोन कोड, पीओ नसलेलं बिल, २ टक्के टीडीएस दोन्हीवेळा कापल्यामुळे जादा गेलेली रक्कम ४,६४,०००, आणि व्हेंडरकडून मागवलेला खातेउतारा, ज्यात तेवढीच रक्कम आमच्या नावे जमा दिसत होती. यावर वाद घालायला जागाच नव्हती. पुढच्या बिलातून वळती झाली, एक कोड ब्लॉक केला, जादा टीडीएस आणि दोनदा धरलेलं इनपुट क्रेडिट निस्तरायचं काम टॅक्सवाल्यांकडे गेलं. नवीन कोड उघडताना जीएसटीआयएन आधीपासून आहे का बघायचं असं ठरलं, कोण बघणार आणि कधीपासून हेही लिहून घेतलं. याला तुम्ही विकणं म्हणता, मी म्हणतो कागद समोर ठेवणं. निनादला आजीबाईंना गरज नसलेली वस्तू द्यायचा त्रास होतोय, इथे तसं काही नाही.

पुणेरी_तिखट
कारण व्हेंडर लहान होता साहेब. मी एकदा ट्रान्सपोर्टचे दर काढले, तीन कोटेशन, तिन्हींचा फॉरमॅट एकच, स्पेलिंगची चूकसुद्धा तिन्हींत तीच. ट्रान्सपोर्टर निघाला वरच्या कुणाच्या तरी घरचा. माझं निरीक्षण 'हाय' होतं, ऑडिट कमिटीपुढे जाईपर्यंत 'लो' झालं आणि 'कागदपत्रं जपण्यात सुधारणा आवश्यक' एवढंच उरलं. कागद माझ्याकडेही होता. तो रेटायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं आणि निनादच्या लिहिण्यावरून त्याच्यातही नसावं.

खतावणी
हे होतं, नाकारत नाही. तुमचा ऑडिट हेड कमिटीच्या अध्यक्षाला एकटा भेटू शकत होता का, की प्रत्येक भेटीला सीएफओ शेजारी? मुलाखतीला जाल तेव्हा हे विचारून घ्या, निम्मी कंपनी तिथेच कळते.

पुणेरी_तिखट
फ्रेशरने मुलाखतीत हे विचारायचं? घ्या!

अंतिम_गट_बाकी
कलम १३८ चं मान्य. पण बँकेत काँकरंट ऑडिट, म्हणजे व्यवहार झाले की लगोलग तपासायचं काम, करणारे सगळे सीएच असतात ना?

खतावणी
बरेचदा फर्म सीएची असते. शाखेत रोज येऊन बसणारा पोरगा बरेचदा आर्टिकल किंवा बी.कॉम.च असतो, सही वरचा करतो.

निनाद_नाशिक
सगळं दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर ते नंबर धुण्याचं वाचून हात शिवशिवले आणि केबिनचं वाचून पोटात गोळा आला. आता एवढंच सांगा, आधी इंटर्नल ऑडिटरचं सीआयए सर्टिफिकेट करू की नाशिकच्या एखाद्या सीए फर्ममध्ये कमी पगारावर काँकरंट ऑडिटला लागू?

स्वप्ना_खराडी
सीआयए सुरू कर. तीन पेपर आहेत, पदवीवर बसता येतं, अनुभवाची दोन वर्षं नंतर भरली तरी चालतात, सर्टिफिकेट तेव्हा मिळतं. आमच्याकडे रेझ्युमे चाळणारी एचआर पहिल्यांदा तेच बघते.

खतावणी
मी उलटं सांगेन. फर्मला लाग, गोल्ड लोनच्या पाकिटांवरची सीलं मोज, केवायसीच्या फाइली उघड, आणि शाखा व्यवस्थापकाला 'हे बरोबर नाही' असं दहा वेळा तोंडावर सांगून बघ. ते सहन होतंय का हे परीक्षेत कळत नाही. फी नंतर भर.

पुणेरी_तिखट
आणि नाही सहन झालं तर बजेटिंगला जागा असते, सांगून ठेवतो.

सोसायटीवाले_काका
निनादराव, नाशिकलाच असाल तर आमच्या एका पतसंस्थेचं काम आहे, दोन महिने मदतनीस हवाय. मानधन फार नाही.