पहिला टॅरो संच: चित्रांचा की नुसत्या चिन्हांचा?

नवशिकी, सांगली: मला टॅरो वाचायला शिकायचे आहे. पहिला संच रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचा चित्रमय घ्यावा, की मार्सेय पद्धतीचा, ज्यात एक्क्यापासून दश्शीपर्यंत नुसते पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी मांडलेली असतात?

कृष्णाकाठ: निःसंशय चित्रमय. 78 पैकी मेजर आर्कानाचे, म्हणजे न्याय, शक्ती अशा नावांचे, 22 आणि दरबारी 16 पत्ते दोन्ही संचांत चित्रांचेच असतात. खरा वाद उरलेल्या 40 पत्त्यांचा आहे. भागीदारी मोडून स्वतंत्र दुकान काढावे का, या प्रश्नाला पेल्यांची पंजी आली असे समजा. चित्रात काळा झगा पांघरलेली व्यक्ती सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहत आहे, तिच्या पाठीमागे दोन पेले उभे आहेत आणि दूरवर पूल आहे. त्यामुळे गेलेल्या पैशाइतकेच हाती काय उरले आहे, हा प्रश्न नवख्या वाचकालाही सुचतो.

अजिंक्यतारा: माझी हरकत नेमकी तिथेच आहे, कारण ते चित्र नुकसान झाल्याचे आधीच ठरवून टाकते. मार्सेयच्या पंजीत चार पेले कोपऱ्यांत आणि एक मधोमध असतो. स्थिर झालेल्या चौघांत हा पाचवा कोण, तो घडी विसकटतो आहे की इतरांनी त्याला घेरले आहे, असे विचारत गेल्यास भागीदारीचा प्रश्न अधिक उलगडतो आणि शेजारच्या पत्त्यांकडेही आपोआप लक्ष जाते. पंजी आली की आपण प्रत्येकाला दुःखाचेच वाक्य ऐकवू लागलो, तर आपण पत्ता वाचत नसून चित्राचे पाठांतर म्हणत आहोत, हे ओळखावे.

वाईकर: पण चित्रे ही 1909 साली वेट यांनी काढलेली नवी टूम आहे. मूळ पद्धत चिन्हांचीच.

कृष्णाकाठ: चिन्हांची पद्धत जुनी आहे, हे मान्य, परंतु ती चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आणि त्यांच्याही आधी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीतील सोला बुस्का संचात या लहान पत्त्यांवर प्रसंगचित्रे होती. तीन तलवारींनी भेदलेले हृदय तिथेही आढळते.

मिरजकर काकू: आमच्या घरी रमीचा कॅट आहे. त्यावर शिकता येणार नाही का?

अजिंक्यतारा: काकू, अंक आणि चार रंग यांचा सराव त्यावर उत्तम होईल; मात्र त्यात मेजर आर्काना नाही आणि दर रंगात एक दरबारी पत्ता कमी असतो.

नवशिकीताई, मार्सेय घेतल्यास प्रारंभी तलवारी आणि काठ्या यांची गल्लत होते. तलवारी कमानीसारख्या वाकलेल्या असतात, तर काठ्या सरळ एकमेकींना छेदतात. तसेच चित्रमय संचाचे पुस्तक त्याला जसेच्या तसे लावू नये, कारण मार्सेयमध्ये न्याय 8 वा आणि शक्ती 11 वी असते. वेट यांनी त्यांची अदलाबदल केली.

कृष्णाकाठ: एवढे सांभाळणे पहिल्याच संचात कशासाठी? अंकांचे अर्थ मनात रुजेपर्यंत चित्रांचा आधार घ्यावा, असेच मी म्हणेन.

अजिंक्यतारा: चित्रांची सवय जडल्यावर अंक रुजतच नाहीत, असे माझे मत आहे.