गेटवरचा इंटरकॉम: 'सोडू का?' ऐवजी काय म्हणावं? तुमचे अनुभव सांगा

सेक्रेटरीबाई

आमची सोसायटी ठाण्यात. चार विंग, सात मजले, एकच गेट. गेल्या महिन्यात सी विंगमधल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले. वॉचमनने सवयीप्रमाणे इंटरकॉमचा स्पीकर चालू ठेवून विचारलं, "चार लोक आलेत, सोडू का?" वरून मुलीच्या आजी कडाडल्या, "आत्ताच? अकराची वेळ दिली होती ना! अजून पोहे भिजायचेत माझे. बसव त्यांना खाली." हे सगळं पाहुण्यांच्या समोर, मोठ्ठ्या आवाजात. पुढे जमलं नाही. पोह्यांमुळे नाही, असं दोन्हीकडचे सांगतात.

वॉचमनला कुणी काही शिकवलेलंच नाही, त्यामुळे त्याला बोलण्यात अर्थ नाही. मला फोनशेजारी एक कागद चिकटवायचाय: आलेल्या माणसाला काय म्हणायचं आणि वर घरात काय म्हणायचं. गेटवर उभे राहिलेले, वर फोन उचलणारे आणि खुर्चीत बसणारे, सगळ्यांनी लिहा.

नाइटड्युटी

सहा वर्षं गेटवर काढली, आता पुण्यात सुपरवायझर आहे. मुलं नवीन आली की पहिला अर्धा तास याच्यावरच जातो.

आधी समोरच्या माणसाकडे बघून "नमस्कार, कुणाकडे जायचंय?" एवढंच. रजिस्टरात मान घालून "कहां?" म्हणायचं नाही. नाव आणि फ्लॅट सांगितला की तो परत म्हणून दाखवायचा: "कुलकर्णी, बी विंग, सात शून्य तीन. बरोबर?" इथे दहा सेकंद जातात, पण निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. मग रिसीव्हर उचलायचा. स्पीकर नाही, रिसीव्हर. आजींचे पोहे तिथेच वाचले असते.

वर फोन उचलला की लगेच सुरू करायचं नाही. त्यांचं "हॅलो" पूर्ण होऊ द्यायचं. मग: "नमस्कार, मेन गेटवरून बोलतोय. बी सात शून्य तीन ना? तुमच्याकडे कुलकर्णी म्हणून आलेत, दोघं आहेत. वर पाठवू, की खाली थांबायला सांगू?"

शेवटचा प्रश्न असाच विचारायचा, दोन्ही वाटा देऊन. "पाठवू का?" म्हटलं की लोक "हं" म्हणतात. आता हं म्हणजे हो, की हं म्हणजे ऐकतोय? एकदा असल्या "हं" वर मी एका वसुलीवाल्याला वर पाठवलं होतं. पुढचे आठ दिवस ते साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

आणि "सोडू का" नको. सोडतात ते कुत्र्याला.

बारा_नंबरचा_पाना

इलेक्ट्रिशियन आहे, सोसायट्यांचे इंटरकॉम बसवतो, दुरुस्त करतो. वरच्यांनी लिहिलंय ते बरोबरच, पण हॅलो पूर्ण होऊ द्यायचं कारण मशिनमध्येही आहे.

स्पीकरवर बरेच सेट एका वेळी एकाच बाजूचा आवाज जाऊ देतात, नाहीतर शिट्टी वाजते. कोण बोलतंय ते ओळखून बाजू बदलायला त्याला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात तुमचा पहिला शब्द किंवा पहिलं अक्षर खाल्लं जातं. म्हणून "कुलकर्णी आलेत" असं सुरू केलं तर वर ऐकू येतं "…कर्णी आलेत". "नमस्कार" आधी म्हटलं तर खाल्ला जातो तो नमस्कार, नाव शाबूत राहतं. म्हणून मी वॉचमनना सांगतो, नमस्कार नुसता मानासाठी नाही, तो लाइन उघडायलाही लागतो.

उलट बाजूनेही हेच होतं. वरून बाई म्हणतात "नको पाठवू", गेटवर ऐकू येतं "…पाठवू". असा घोटाळा मी स्वतः उभा राहून ऐकलाय. रिसीव्हरवर हे जवळपास होत नाही. पण ज्या गेटवर भिंतीतला जाळीवाला सेटच आहे, तिथे वॉचमनने ऐकलेलं परत म्हणायचं: "ठीक आहे, थांबवतो" किंवा "ठीक आहे, पाठवतो". वरच्याला चूक वाटली तर तो तिथेच ओरडतो.

मोठा_आवाज

एवढं कशाला? आमच्याकडे एकच नियम, जोरात आणि हळूहळू बोला. रस्त्यावर ट्रक, वर टीव्ही. ऐकू आलं की काम झालं.

बारा_नंबरचा_पाना

हळूहळू बरोबर, जोरात नाही. माइकला तोंड लावून ओरडलं की आवाज फाटतो, वर नुसता घरघराट. वीतभर अंतर ठेवून नेहमीच्या आवाजात बोला. तरीही ऐकू येत नसेल तर बहुतेक वेळा माइकच्या भोकांत धूळ नाहीतर कोळ्याचं जाळं असतं. कोरड्या ब्रशने साफ करा, मग मला बोलवा.

आयडी_दाखवा

नमस्कार वगैरे ठीक आहे, पण मुद्दा सुरक्षेचा आहे. ओळखपत्राचा फोटो घेतल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नये. आमच्याकडे मोबाइलवर मंजुरी येते, बटण दाबलं की झालं. इंटरकॉम आता कोण वापरतं?

सेक्रेटरीबाई

आमच्याकडे निम्मी घरं वापरतात, कारण निम्म्या घरांत सत्तरीच्या पुढची माणसं आहेत आणि मोबाइल बहुधा चार्जिंगला लावलेला असतो. धागा बोलण्याबद्दल आहे हो.

तिसरा_मजला

सत्तरीच्या पुढची मीच. वय ७८, गुडघे दोन्ही कुरकुरतात. स्वयंपाकघरातून दारापाशी जायला मला वेळ लागतो. पाच-सहा रिंग झाल्या की वॉचमन फोन ठेवतो आणि पाहुण्याला सांगतो, "घरी कोणी नाही." माझा भाऊ डोंबिवलीहून आला आणि परत गेला, मी दारात उभी!

मी खाली जाऊन सांगितलं, बाबा, माझ्या घरी पंधरा रिंग होऊ दे. तो हसला, पण आता देतो. त्याच्या वहीत माझ्या नंबरापुढे त्याने फुली मारून ठेवलीय.

नाइटड्युटी

काकू, तो रिंग वाढवतोय हे छान. पण "घरी कोणी नाही" हे वाक्यच बंद करायला हवं. समोर कोण उभा आहे आपल्याला माहीत नसतं, आणि रिकामं घर कुठलं ते आपणच सांगून टाकतो. आम्ही म्हणायला लावतो: "फोन उचलला जात नाहीये, तुमच्याकडे त्यांचा मोबाइल नंबर आहे का? एकदा लावून बघता?" खरा पाहुणा लगेच फोन काढतो. नसलेला पाहुणा म्हणतो, "राहू दे, नंतर येतो."

सुईवाली

मी घरोघरी इंजेक्शनं आणि ड्रेसिंग करायला जाते. स्कूटरवर, पाठीला सॅक. गेटवर मला "ए, कुठे चाललीस?" आणि माझ्यामागून येणाऱ्या गाडीला सलाम, काचही खाली न करता. हे एका नाही, बऱ्याच गेटांवर.

एकच गेट वेगळं होतं. तिथले मामा मला म्हणाले, "ताई, नमस्कार. कुणाकडे?" आणि वर फोनवर: "काका, नर्सताई आल्यात." नर्सताई! बाकी सगळीकडे मी "इंजेक्शनवाली" असते. त्या घरात गेल्यावर काकांनीही मला ताईच म्हटलं. गेटवरून जो शब्द वर जातो, तोच घरात पुढे चालतो, असं मला तरी दिसलंय.

कागदावर लिहाल तेव्हा "तुम्ही" सगळ्यांना, पार्सलवाल्या पोरालाही, हे जरूर लिहा.

एकशेसहा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी १०६ मध्ये राहतो आणि ११० वाल्यांची पार्सलं, त्यांचे पाहुणे, एकदा तर त्यांचे गुरुजी, सगळं माझ्याकडे. गुरुजी चपला काढून आतही आले होते, मी लुंगीवर. वॉचमनला कमी ऐकू येतं का?

नाइटड्युटी

कान ठीक असतील त्याचे. एकशे सहा, एकशे दहा. मोठ्याने म्हणून बघा. म्हणून आम्ही "एक शून्य सहा", "एक एक शून्य" असंच म्हणायला लावतो. हिंदीतही तेच, "नौ" आणि "दो" लाइनवर सारखे वाटतात. आमची बरीच मुलं बिहार-ओडिशाची, त्यांना आपलं "एकोणसत्तर" म्हणजे कोडंच, आणि आपल्याला त्यांचं "उनहत्तर". सुटे आकडे दोघांनाही जमतात. विंगलाही शेपूट लावा: "बी बटाट्याची", "डी डब्याची". सुरुवातीला हसतात, पण बी, डी आणि ई मधला घोळ थांबतो.

एकशेसहा

म्हणून बघितलं. बायको विचारत होती कुणाशी बोलताय.

मोठा_आवाज

मराठीतच बोलावं हा नियम नको का?

सुईवाली

समोरचा ज्या भाषेत बोलतो तीत बोलला तर काय बिघडलं? नमस्कार दोन्हीकडे एकच आहे.

मोठा_आवाज

बिघडलं नाही, पण माझ्या आईला हिंदी येत नाही. ती "नही चाहिए" म्हणते आणि फोन ठेवते, मग आलेला कोणी का असेना. तिच्यासाठी दोन मराठी वाक्यं तरी पाठ असावीत ना त्यांना?

सेक्रेटरीबाई

हे पटलं. कागदावर वाक्यं मराठीतच लिहिते, देवनागरी आमच्या दोघाही वॉचमनना वाचता येते. आत्तापर्यंतचा मसुदा असा:

"नमस्कार, कुणाकडे जायचंय? आपलं नाव?" (फ्लॅटचे आकडे सुटे परत म्हणा.)
रिसीव्हर उचला. पंधरा रिंग.
"नमस्कार, मेन गेटवरून बोलतोय. सी पाच शून्य दोन ना? तुमच्याकडे … आलेत. वर पाठवू, की खाली थांबायला सांगू?"
"ठीक आहे, पाठवतो." किंवा "ठीक आहे, थांबवतो."
पाहुण्याला: "या, डावीकडची दुसरी लिफ्ट." किंवा "पाच मिनिटं बसा, त्यांनी थांबायला सांगितलंय."

बारा_नंबरचा_पाना

आपलं नाव सांगायचं राहिलं. "मेन गेटवरून सुरेश बोलतोय" म्हटलं की वरचा माणूसही जरा नीट बोलतो. माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

तिसरा_मजला

आणि ते उभे असतात तिथे एक खुर्ची ठेवा. "बसा" म्हणायचं कशावर?

घरी_नाही_म्हण_सांग

एक अडचण कुणी लिहिलीच नाही. आमचे वडील फोनवर सांगतात, "त्याला सांग मी घरी नाही." पाहुणा समोर उभा, वॉचमनच्या कानाला रिसीव्हर, आणि तो आत्ताच वडिलांशी दोन वाक्यं बोललाय. आता त्याने काय म्हणायचं? परवा बिचारा म्हणाला, "साहेब म्हणतात ते घरी नाहीत."

नाइटड्युटी

आम्ही "आज भेट होणार नाही, त्यांना फोन करून या" असं म्हणायला लावतो. खोटंही नाही. पण काही साहेब त्यावरही चिडतात, म्हणतात मी सांगितलं तेच सांग. मग मुलगा माझ्याकडे बघतो.

घरी_नाही_म्हण_सांग

वडिलांना दाखवलं हे. म्हणाले, बरोबर आहे. पण तो भिशीवाला आला तर वेगळं.