लग्नाच्या अल्बमची अर्पणपत्रिका : नातवंडांसाठी काय लिहावे?

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि अल्बमच्या पहिल्या पानावरचा मजकूर लिहिण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले आहे. पुढे कधीतरी तिची नातवंडे तो उघडतील, असे तिच्या मनात आहे. आपल्या घरातील जुन्या अल्बमवर काय लिहिले होते आणि पुढच्या पिढीला त्यातले काय कळले, काय कळले नाही, हे कृपया सविस्तर लिहावे.

सातारा, निवृत्त शिक्षिका

आमच्या लग्नाच्या अल्बमवर माझ्या दिरांनी सुंदर अक्षरात लिहिले होते : "ती. अण्णा व सौ. वहिनीस सप्रेम." नातीने ते वाचून विचारले की, यातले अण्णा नक्की कोण, कारण आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन अण्णा झाले आणि तिच्या लेखी वहिनी म्हणजे तिच्या आईची भावजय. लिहिणाऱ्याने नाते स्वतःपासून मोजले होते, वाचणारी मात्र दोन पिढ्या खाली उभी होती. शिवाय लग्नात माझे नाव बदलले असल्यामुळे माहेरच्या फोटोंमागे लिहिलेली कुमुद म्हणजे मीच, हेही तिला सांगावे लागले. म्हणून गेल्या वर्षी मी त्या पानासमोर एक नवा कागद लावला :

"कुमुद (विवाहानंतर सुलभा) आणि वसंत यांचा विवाह माघ शुद्ध पंचमी, शके 1901, म्हणजे जानेवारी 1980 मध्ये वाई येथे वधूच्या घरासमोरील मांडवात झाला. कुमुदचे वडील त्याआधीच वारले होते, म्हणून कन्यादान तिच्या थोरल्या मामांनी केले. हा अल्बम वसंतच्या धाकट्या भावाने दिला. तो उघडणाऱ्या आमच्या मुलानातवंडांना आम्हा दोघांचे आशीर्वाद."

मामांचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण वडील फोटोत का नाहीत हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते आणि फोटो त्याचे उत्तर देत नाही.

नाशिक

माझ्या मते तिथी आणि शक पुरेसे आहेत. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, मग दोन्ही लिहून पान कशाला भरावे?

सातारा, निवृत्त शिक्षिका

चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथींना आपला हिशेब बरोबर आहे, परंतु जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. माझ्याच लग्नाला 78 लावले तर 1979 येते आणि साल एका वर्षाने चुकते. लग्नसराईचा मोठा भाग माघ-फाल्गुनात असतो, म्हणून दोन्ही लिहावे.

ठाणे

आम्ही पहिल्या पानावर "तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी अर्पण" असे छापून घेतले. त्यांना फार आनंद झाला. नातवंडांचा विचार आम्ही केला नव्हता, पण भावना खरी असली की पुरते, असे मला वाटते.

कोल्हापूर, अल्बमची मांडणी करणारा

भावनेबद्दल वाद नाही, पण छपाईत ती बिघडू नये. करिझ्मा अल्बमसाठी लोक मजकूर मोबाइलवरून पाठवतात. तो फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षरे सुटतात आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतो. तुमच्या मजकुरात "आशीर्वाद" आणि "अर्पण" हे शब्द असणारच, तेव्हा छपाईआधी पानाचे चित्र मागवून आधी तेच तपासा. हाताने लिहायचे असेल तर चकचकीत पानावर लिहू नका, कारण जेल पेनची शाई तिथे मुरत नाही आणि समोरच्या फोटोला लागते. आम्लमुक्त साध्या कागदावर पिगमेंट शाईच्या पेनाने लिहावे, पूर्ण वाळू द्यावे आणि तो कागद कोपऱ्यांच्या खाचांत बसवावा. गोंद लावू नये.

न्यू जर्सी

आमची मुले मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. आम्ही वर मराठी आणि खाली इंग्रजी असे दोन्ही लिहिले. माझ्या पतीचे म्हणणे होते की तोच मराठी मजकूर रोमन लिपीत द्यावा, म्हणजे नातवंडे निदान आपले शब्द मोठ्याने वाचतील. मला अर्थ पोहोचणे अधिक महत्त्वाचे वाटले. आमच्यात अजून एकमत नाही.

पुणे

माझी शंका निराळी आहे. "आमच्या नातवंडांस" असे लग्नाच्या वर्षीच छापले तर ते त्या दोघांवर लादल्यासारखे होते. माझ्या चुलतबहिणीने मूल न होऊ देण्याचे ठरवले आहे आणि तिच्या अल्बमवरची अशीच ओळ तिला आजही बोचते. "हा अल्बम उघडणाऱ्या आमच्या घरातील प्रत्येकास" असे लिहिले तर भाच्यांच्या मुलांनाही ते आपलेच वाटेल.

धागाकर्ती

बहिणीला ही ओळ वाचून दाखवली. तिला "नातवंडांस" हाच शब्द हवा आहे, तिच्या होणाऱ्या पतीला मात्र पुण्याची ओळ पटली आहे. दोघांची नावे, माहेरचे नाव, दोन्ही कालगणना आणि मांडवात नसलेल्या आजोबांविषयी एक वाक्य, एवढे नक्की झाले आहे. संबोधनाची जागा त्यांचे ठरेपर्यंत कोरी ठेवली आहे.