मदत हवी आहे : वडील फलाटावर राहिले म्हणून साखळी ओढली, रेल्वे न्यायालयात काय सांगावे?

पाऊलवाट :
गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन मी लांब पल्ल्याच्या गाडीने नागपूरहून मुंबईकडे येत होते. वडिलांचे वय 72 असून त्यांना मधुमेह आहे. वाटेतल्या एका जंक्शनवर, मी वरच्या बर्थवर झोपलेली असताना, ते मला न सांगता पाण्याची बाटली आणायला खाली उतरले आणि गाडी सुटली. खिडकीतून ते गाडीबरोबर चालताना दिसले, तेव्हा दुसरे काही न सुचून मी साखळी ओढली. गाडी थांबली त्या वेळी शेवटचे दोन-तीन डबे अजून फलाटाला लागून होते, त्यामुळे वडील मागच्या डब्यात चढू शकले. काही मिनिटांतच रेल्वे सुरक्षा दलाचे जवान आले. साखळी मी ओढली हे मी स्वतःच सांगितले. त्यांनी नाव, पत्ता आणि तिकिटाचा तपशील लिहून घेऊन कलम 141 खाली प्रकरण नोंदवले आणि जामिनावर सोडले. आता न्यायालयात हजर राहण्याची तारीख आली आहे. हा गैरवापर ठरतो का, आणि गुन्हा कबूल करून दंड भरावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुक्काम पोस्ट :
इतकी काळजी करू नका. पहिल्या वेळेला 500 रुपये दंड असतो, तो भरला की विषय संपतो. टीसीकडून पावती घेतो तसेच समजा. त्यासाठी वकील लावणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला.

डोंबिवलीकर :
माझाही अनुभव असाच आहे. लोकलच्या दारात उभा असताना मोबाइल हातातून रुळांवर पडला आणि मी साखळी ओढली. मोबाइल मिळाला नाहीच, शिवाय दंड भरावा लागला आणि कामाचा एक दिवस न्यायालयात गेला. तीस हजारांची वस्तू पडली हे पुरेसे कारण का नाही, हे मला आजही समजलेले नाही.

काळा कोट :
वरच्या दोन्ही प्रतिसादांत थोडी दुरुस्ती आवश्यक आहे, कारण धागाकर्तीचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 141 मध्ये साखळी कोणकोणत्या प्रसंगी ओढता येते याची यादी कोठेही दिलेली नाही. वाजवी आणि पुरेशा कारणाशिवाय ती ओढणे हा गुन्हा आहे, एवढेच कलम सांगते. कमाल शिक्षा एक वर्षापर्यंतचा कारावास, 1000 रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही अशी आहे. 500 रुपये हा पहिल्या दोषसिद्धीचा किमान दंड आहे. त्याहून कमी शिक्षा द्यायची असेल तर न्यायाधीशांना तशी खास कारणे निकालात लिहावी लागतात. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान शिक्षा तीन महिन्यांच्या कारावासाची आहे. म्हणून टीसीच्या पावतीची तुलना येथे चुकीची आहे. हा दंड न्यायालय ठोठावते, आणि कबुली देऊन तो भरणे म्हणजे आपल्या नावावर दोषसिद्धी लावून घेणे होय. पुढच्या खेपेस ती पहिली म्हणून मोजली जाईल.

डोंबिवलीकर, पडलेल्या मोबाइलची किंमत कितीही असली तरी त्यात कोणाच्या जिवाला धोका नसतो. उशिरा पोहोचणाऱ्या नातेवाइकासाठी गाडी अडवणे किंवा थांबा नसताना घराजवळ उतरणे हे प्रकार त्याच रांगेत बसतात. आग, अचानक गंभीर झालेला रुग्ण, लूटमार, गाडीतून पडलेला माणूस ही कारणे सहसा वादात सापडत नाहीत. लहान मूल, वृद्ध किंवा अपंग सहप्रवासी मागे राहणे हेही रेल्वेच्या स्वतःच्या जाहीर आवाहनांत बरेचदा ग्राह्य कारण म्हणून सांगितलेले असते, आणि धागाकर्तीची बाजू तेथे भक्कम आहे.

लाल झेंडी :
मी गार्ड म्हणून निवृत्त झालो (2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात), म्हणून गाडीच्या बाजूने थोडे लिहितो. साखळी ओढल्यावर त्या डब्याच्या टोकाशी असलेली झडप उघडते आणि ब्रेकच्या नळीतली हवा बाहेर पडू लागते. इंजिनात आणि गार्डच्या डब्यात हवेचा दाब उतरताना दिसतो, ब्रेक लागू लागतात आणि लोको पायलट गाडी उभी करतो. मग कोणीतरी खाली उतरून नेमका डबा शोधायचा, तेथील झडप हाताने पूर्ववत करायची आणि संपूर्ण गाडीत दाब पुन्हा भरेपर्यंत थांबायचे. मे 2022 मध्ये गोदान एक्स्प्रेस टिटवाळा आणि खडवलीच्या दरम्यान काळू नदीच्या पुलावर अशीच अडकली होती, तेव्हा सहायक लोको पायलटला पुलावर गाडीखाली शिरून ती झडप बंद करावी लागली. साखळी ओढणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

त्याहून भीषण म्हणजे जानेवारी 2025 मधली पाचोऱ्याजवळची घटना. आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसची साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान 12 जण गेले. म्हणून कारण खरे असले तरी गाडी थांबल्यावर मार्गाच्या बाजूला उतरू नये.

आपल्या प्रकरणात मात्र मला थोडी शंका वाटते. वडील स्वतःहून उतरले होते आणि फलाटावर सुरक्षित होते. मी कामावर असतो तर 139 वर कळवून त्यांना पुढच्या गाडीने पाठवण्याची व्यवस्था करता आली असती, असेच म्हटले असते.

काळा कोट :
गार्डसाहेब, सरकारी बाजूही हाच मुद्दा मांडेल. परंतु मधुमेही वृद्ध गृहस्थ औषध, पैसे आणि फोन यांपैकी काहीही जवळ नसताना फलाटावर राहिले असतील, तर प्रश्न बदलतो. पाऊलवाटताई, त्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कोठे होते?

पाऊलवाट :
गोळ्यांचा डबा आणि त्यांचा फोन दोन्ही माझ्या पिशवीत होते. शिवाय ते चालत्या गाडीचा दांडा पकडायला हात पुढे करत होते. खरे सांगायचे तर मी त्यालाच अधिक घाबरले होते, पण जवानांनी लिहून घेतलेल्या जबाबात फक्त "वडील खाली राहिले" एवढेच आले आहे.

काळा कोट :
ही बाब जबाबात नसणे अडचणीचे आहे. चालत्या गाडीत चढू पाहणारा वृद्ध माणूस हा ताबडतोब उद्भवलेला धोका होता; 139 वर फोन लागेपर्यंत तो टळला नसता. एकाच पीएनआरवर दोघांची नावे आणि वडिलांचे वय दाखवणारे तिकीट, घटनेच्या तारखेआधीची डॉक्टरांची चिठ्ठी आणि शक्य असल्यास समोरच्या बर्थवरील प्रवाशाची साक्ष जमवा. पहिल्या तारखेला आरोप वाचून विचारणा झाली की घाईने "कबूल" म्हणू नका. साखळी ओढली हे मान्य, पण कारण होते, असे स्पष्ट सांगा आणि वकिलासाठी मुदत मागा. खटला लढल्यास दोन-चार खेपा होतील, हेही लक्षात घ्या.

मुक्काम पोस्ट :
दोषसिद्धीचा मुद्दा मला माहीत नव्हता, माझा सल्ला मागे घेतो. काही विभागांत गाडी थांबल्याच्या मिनिटांचा खर्चही वसूल करतात असे वाचले होते. ते खरे आहे का?

काळा कोट :
कलम 141 च्या शब्दांत मिनिटांच्या हिशेबाला जागा नाही. तशी मागणी आलीच तर ती कोणत्या नियमाखाली आहे हे लेखी मागावे.

पाऊलवाट :
आपणा सर्वांची आभारी आहे. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ अकोल्याचे होते आणि त्यांचा क्रमांक वडिलांनी गप्पांच्या ओघात घेतला होता, हे आत्ताच कळले. तारीख 18 ला आहे. वडील स्वतः साक्ष द्यायला तयार आहेत, पण त्यांना एवढ्या लांब नेणे कितपत योग्य, हे अजून ठरलेले नाही. लेखी म्हणणे चालते का, हे कोणी सांगू शकेल का?