नवीन टेस्टरांना पहिल्या दिवशी तुम्ही काय सांगता?

कृष्णाकाठ
पुढच्या आठवड्यात टीममध्ये नवी मुलं येताहेत आणि स्वागताचं पाच-दहा मिनिटांचं बोलणं माझ्याकडे आलंय. टूल्स, प्रोसेस वगैरे ट्रेनिंगमध्ये होईलच. टेस्टिंगची एखादी सवय लागावी म्हणून तुम्ही काय सांगता, किंवा तुमच्या सीनियरने काय सांगितलं होतं? उदाहरणासकट लिहा.

दुसरी_पाळी
मी दरवर्षी एकाच बगबद्दल बोलते. साधारण असं:

"'मराठी नाव सेव्ह होत नाही' एवढंच लिहून बग टाकलात, तर डेव्हलपर स्वतःचं नाव टाकून बघेल, ते सेव्ह होईल आणि बग परत येईल. आपल्याकडे असाच एक आला होता. फॉर्मवर नावाला ३० ची मर्यादा. इंग्रजीत ३० अक्षरं टाकली, सेव्ह झाली. 'ज्ञानेश्वर' टाकलं, सेव्ह झालं. 'ज्ञानेश्वरी' टाकलं आणि एरर. फरक फक्त शेवटच्या वेलांटीचा. मग लॉग उघडला:

```
ORA-12899: value too large for column "APP"."GRAHAK"."NAV" (actual: 33, maximum: 30)
```

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. चिन्हं १०, बाइट ३०. वेलांटी आली की ३३. स्क्रीन चिन्हं मोजत होती आणि ओरॅकलचा कॉलम बाइट मोजत होता. म्हणून बगमध्ये शेवटचं पास झालेलं आणि पहिलं फेल झालेलं, दोन्ही लिहायचं. दोघांत एकच गोष्ट वेगळी ठेवायची. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फुटलं ते तुम्हालाही सांगता येणार नाही."

मुलं 'ज्ञानेश्वर'ची चिन्हं बोटांवर मोजतात तेव्हा मला फार बरं वाटतं. पुढे ती स्वतःहून अशा जोड्या शोधायला लागतात.

बॅकएंडवाला
डेटाबेस युनिकोडमध्ये नव्हता, म्हणून झालं हे. आम्ही मायएसक्यूएल वापरतो, `VARCHAR(30)` मध्ये मराठी ३० चिन्हं आरामात बसतात.

दुसरी_पाळी
डेटाबेस युनिकोडमध्येच होता, नाहीतर ३३ आकडा आलाच नसता. मायएसक्यूएलचं म्हणताय ते बरोबर, तिथे कॉलम चिन्हंच मोजतो. ओरॅकलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर `VARCHAR2(30)` म्हणजे ३० बाइट. आम्ही `VARCHAR2(30 CHAR)` करून घेतलं. पण तुमच्याकडे टेबल जुन्या `utf8` वर असेल तर नावापुढे इमोजी टाकून बघा. तिथे एका चिन्हाला ३ बाइटच मिळतात आणि इमोजीला ४ लागतात.

वाळू_सिमेंट
मी सॉफ्टवेअरमधला नाही, काँक्रीटच्या लॅबमध्ये टेस्टिंग करतो, तरी लिहितो. आमच्याकडे १५० मिमीचे तीन क्यूब २८ दिवसांनी फोडतात. नव्या पोराला मी सांगतो, क्यूब मशीनमध्ये ठेवण्याआधी वजन आणि मापं रजिस्टरमध्ये लिही. फुटल्यावर पुन्हा मोजायला काही उरत नाही. तिघांतला एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच धरत नाहीत. मग क्यूब भरताना कुठे गडबड झाली ते त्या नोंदींवरूनच शोधावं लागतं.

कृष्णाकाठ
दादा, हे आम्हालाही लागू आहे. टेस्ट फेल झाली की डेटा बदलायच्या आधी तो जपून ठेवायचा, हे मी घेतोय.

नवी_भरती
मी चार महिन्यांपूर्वी लागले. दुसरी_पाळी ताई, अशी जोडी शोधण्यात अर्धा दिवस गेला तर? आमचे लीड म्हणतात, दिसला की लगेच टाक.

दुसरी_पाळी
आधी स्वतः शोध, असंच मी म्हणेन. अर्धवट बग दोनदा फिरतो आणि त्यात जास्त वेळ जातो.

रिलीजची_रात्र
मला हे पटत नाही. रिलीज उद्यावर असेल तर आत्ता टाकायचा आणि जोडी सापडली की त्याच बगमध्ये भर घालायची. पेमेंट अडकलेलं असताना नेमकी कडा शोधत बसू नये.

वऱ्हाडी_ठसा
माझी केस वेगळी आहे. ग्राहक 'वऱ्हाडे' नावाने शोधतो, काही रेकॉर्ड सापडत नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं अगदी सारखी. चिन्हं सुटी करून पाहिली तेव्हा दिसलं की एकाने 'ऱ' हे वेगळं अक्षर टाइप केलंय (व, ऱ, हलन्त, ह, काना, ड, मात्रा, एकूण ७). दुसऱ्याने साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, म्हणून ८. कीबोर्डाप्रमाणे हे बदलतं. आम्ही एनएफसी नॉर्मलायझेशन लावून पाहिलं, तरी दोन्ही वेगळीच राहतात. डेव्हलपर म्हणतो सेव्ह करतानाच एका रूपात बदलू, बिझनेसवाले म्हणतात ग्राहकाने लिहिलेलं नाव जसंच्या तसं राहू दे. बग दोन रिलीज उघडाच आहे. कुणी फक्त शोधाच्या इंडेक्समध्ये दोन्ही रूपं एक केलीत का? केली असतील तर टेस्ट डेटात आणखी कोणती नावं घेतली?